सोयाबीनचे कोटेशन संध्याकाळपर्यंतच: भाव कसा काढावा, मुदत कशी ठरवावी आणि होकार कसा घ्यावा

वाशीम जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे खरेदी-विक्रीचे काम मी पाहतो. आमच्या केंद्रावर आलेले सोयाबीन आम्ही चाळून, कट्ट्यांत भरून बाहेरच्या खरेदीदारांना विकतो. त्यांत पशुखाद्य बनवणारे आहेत, सोयापीठ बनवणारे आहेत आणि परजिल्ह्यातील व्यापारीही आहेत. तेल गाळणारे मोठे प्लान्ट आपला खरेदीचा भाव रोज सकाळी स्वतःच कळवतात, त्यामुळे तिथे आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. पण इतर खरेदीदार उलट विचारतात की दोनशे क्विंटल माल कोणत्या भावाने पोच द्याल. म्हणजे भाव आपल्याला सांगावा लागतो आणि सांगितलेला भाव काही तास पाळावाही लागतो. हा लेख त्या काही तासांबद्दल आहे.

ज्याच्या हातात आपले कोटेशन आहे, त्याच्या बाजूने आधी विचार करून पाहावा. दुपारी आपण एक भाव कळवला आणि मुदत लिहिली नाही, तर खरेदीदार थांबतो. बाजार चढला तर तो आपला जुना भाव पक्का करतो, आणि बाजार उतरला तर नवा भाव मागतो. दोन्ही वेळा त्याचेच साधते, कारण वाट पाहण्याची सोय आपण त्याला फुकट दिलेली असते. मुदत जितकी लांब, तितकी ही फुकटची सोय मोठी होते. त्यामुळे मुदत लिहिणे हे सौजन्याचे किंवा घाई करण्याचे काम नाही. तो भाव ठरवण्याचाच एक भाग आहे.

काही वर्षांपूर्वी ही जोखीम वायदे बाजारात थोडीफार झाकता येत असे. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांच्या वायद्यांवर बंदी घातली आणि पुढे ती वारंवार वाढवली. ज्याच्यासमोर वायद्याचा भाव नाही, त्याने आजचा भाव आजच संपवणे हाच त्याचा विमा.

भाव कुठून उचलावा

आमच्याकडे सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास प्लान्टचे भाव येऊ लागतात आणि साडेअकरा-बारापर्यंत जवळच्या बाजार समित्यांमधील लिलावांचा अंदाज येतो. त्याआधी कोटेशन देऊ नये. सकाळी नऊ वाजता खरेदीदाराचा फोन आला, तरी त्याला बारानंतर भाव कळवण्याचे सांगावे. कालच्या भावावर अंदाजाने बोललेला आकडा तो वहीत लिहून ठेवतो आणि दुपारी तोच आपल्यापुढे ठेवतो.

बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. यांतील कमाल भावाने अनेकांची दिशाभूल होते. वाशीमच्या पट्ट्यात पेरणीयोग्य, टपोऱ्या बिजवाई सोयाबीनला वेगळा आणि बराच चढा भाव मिळतो, आणि एखादा तसा ढीग लिलावात आला की त्या दिवसाचा कमाल भाव एकदम वर दिसतो. किमान भाव बहुतेकदा ओल्या, डागी किंवा फुटक्या मालाचा असतो. आपण ज्या प्रतीचा माल देणार आहोत, त्या प्रतीच्या ढिगांना आज प्रत्यक्ष काय मिळाले, हे दोन अडत्यांना फोन करून विचारावे आणि पत्रकातील सर्वसाधारण भावाशी ताडून पाहावे. दोघांच्या सांगण्यात चाळीस-पन्नास रुपयांपेक्षा जास्त फरक असेल, तर ते वेगवेगळ्या मालाबद्दल बोलत आहेत असे समजून मॉइश्चर किती होते हे विचारावे. बहुधा उलगडा तिथेच होतो.

रविवारी, सणाला आणि ज्या बाजार समित्या अमावास्येला बंद असतात त्यांच्या त्या दिवशी भावच निघत नाही. पोळ्याच्या दिवसांत तर आवकही नसते आणि केंद्रावर मापाला माणसेही नसतात. अशा दिवशी शेवटच्या भावावर कोटेशन देण्याचा मोह टाळावा. माहितीसाठी म्हणून भाव सांगावाच लागला, तर तो कोटेशन नाही असे त्याच संदेशात लिहावे.

एका गाडीचा हिशेब

समजा, पश्चिम महाराष्ट्रातील एका पशुखाद्य कारखान्याला २०० क्विंटल चाळलेले सोयाबीन त्याच्या गोदामात पोच हवे आहे, मॉइश्चर १२ टक्क्यांपर्यंत, आणि पैसे माल उतरल्यावर सात दिवसांत. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, त्यांच्या जागी आपापले घालावेत.

केंद्रावर आज शेतकऱ्याला द्यायचा भाव ४,४०० रुपये आहे. माती, काडीकचरा आणि वजनातील घट मिळून चाळणीत दोन टक्के जातात. इथे ४,४०० वर दोन टक्के चढवायचे नसतात, तर ४,४०० ला ०.९८ ने भागायचे असते, कारण १०० किलो विकत घेतल्यावर हाती ९८ किलोच उरतात. उत्तर येते ४,४९०. दोन टक्क्यांना दोन्ही रीतींत फक्त दोन रुपयांचा फरक पडतो म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही, पण पावसात सापडलेल्या मालाची घट पाच टक्क्यांवर गेली, की तोच फरक क्विंटलमागे अकरा-बारा रुपये होतो आणि नफ्यातील मोठा वाटा खातो.

या ४,४९० मध्ये बारदाना, भरणी आणि हमालीचे ४५ रुपये, चाळणी आणि विजेचे २० रुपये मिळवावेत. गाडीचे भाडे ३६,००० ठरले असेल तर क्विंटलमागे १८० येतात. आज पैसे शेतकऱ्याला देऊन ते सुमारे दहा दिवसांनी परत मिळणार असतील, तर १२ टक्के व्याजाने क्विंटलमागे १५ रुपये धरावेत. हे व्याज पुष्कळ कंपन्या धरत नाहीत, आणि वर्षअखेरीस बँकेचे व्याज कुठून आले याचा शोध घेत बसतात. आतापर्यंतची बेरीज ४,७५० होते. आपल्या परवान्याप्रमाणे बाजार शुल्क पडत असेल तर ते इथे वेगळे मिळवावे. कंपनीचे ६० रुपये धरल्यावर ४,८१० होतात.

आता उरला तो पैसा जो बहुतेक जण अंदाजाने लावतात किंवा लावतच नाहीत. कोटेशन दिल्यापासून केंद्रावरची खरेदी आटोपेपर्यंत भाव किती हलू शकतो, त्याचा हा पैसा. मी याला राखण म्हणतो. तो काढण्यासाठी एक साधी वही लागते. महिनाभर रोज दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सातला आपल्या केंद्रावरचा खरेदीचा भाव लिहावा आणि दोन्हींमधील फरक तिसऱ्या रकान्यात मांडावा. महिन्यातील बहुतांश दिवस भाव ज्या मर्यादेत राहिला, ती मर्यादा म्हणजे आपली राखण. आमच्या वहीतून ती २५ रुपये निघाली, असे समजू. म्हणजे कोटेशन ४,८३५ रुपये. हंगाम बदलला की वही नव्याने पाहावी, कारण दिवाळीच्या आसपास आवक जोरात असताना भाव जसा हलतो, तसा तो उन्हाळ्यात हलत नाही.

हाच भाव दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खुला ठेवला असता तर काय झाले असते, हे याच आकड्यांवर पाहू. रात्रीतून शंभर रुपयांची तेजी आली, तर शेतकऱ्याला ४,५०० द्यावे लागतील. घट धरून खरेदी क्विंटलमागे १०२ रुपयांनी महागेल, म्हणजे गाडीमागे सुमारे २०,४०० रुपये. नफ्याचे १२,००० आणि राखणीचे ५,००० मिळून १७,००० होतात. सगळे जाऊन वर ३,४०० रुपये खिशातून भरावे लागतील. एका गाडीची ही कथा आहे, आणि खरेदीदाराने त्या रात्री काहीही चुकीचे केलेले नाही.

गोदामात आधीचा माल असेल तर तो कोणत्या भावाने धरावा, हा प्रश्न आमच्या संचालकांच्या बैठकीत दरवेळी येतो. माझे उत्तर ठाम आहे: आजच्या खरेदीभावाने. मागच्या आठवड्यात तो ४,३०० ने घेतला होता हे खरे असले, तरी आज तो विकला की त्याच्या जागी ४,४०० चाच माल येणार आहे. स्वस्तात घेतलेल्या मालावर कोटेशन खाली आणले, तर साठ्यातील नफा आपण खरेदीदाराला देऊन टाकतो. उलट महाग घेतलेल्या मालावर भाव चढवला, तर आपले कोटेशन कोणी घेत नाही.

मुदत शेवटाकडून मागे मोजावी

'संध्याकाळपर्यंत' हा शब्द कोटेशनमध्ये लिहू नये. कारखान्यातील माणसाची संध्याकाळ कचेरी बंद होण्याची असते, व्यापाऱ्याची रात्री नऊची असते आणि आमच्या शेतकऱ्याची दिवेलागणीची असते. घड्याळातील वेळ लिहावी आणि ती वेळ आपल्या केंद्रावरून मागे मोजत काढावी.

वरच्या उदाहरणात २०० क्विंटल चाळलेला माल द्यायचा तर न चाळलेला २०५ क्विंटल लागतो. गोदामात ८० आहे, १२५ शेतकऱ्यांकडून घ्यायचा आहे. एका ट्रॉलीत साधारण २५ क्विंटल धरले, तर पाच ट्रॉल्या झाल्या. प्रत्येकीचे मॉइश्चर पाहणे, वजन करणे आणि पावती लिहिणे यांत पंचवीस मिनिटे जातात, म्हणजे एकूण दोन तासांहून थोडे अधिक. केंद्र सातला बंद होते. त्यामुळे पाचच्या आत पहिली ट्रॉली काट्यावर हवी, आणि तिला घरून निघायला सांगण्यासाठी अर्धा तास हवा. मुदत साडेचारची निघाली. ही वेळ पाच किंवा सहा केली, तर होकार हाती येईल तेव्हा आजच्या भावाने माल घेण्याची वेळ निघून गेलेली असेल आणि उरलेला माल उद्याच्या भावाने घ्यावा लागेल.

या सगळ्यामागचा नियम एकच आहे. खरेदीदाराची मुदत शेतकऱ्याच्या मुदतीच्या आधी संपली पाहिजे. शेतकऱ्यांना आपण सकाळीच सांगतो की आजचा भाव आज सातपर्यंत काट्यावर आलेल्या मालाला मिळेल. खरेदीदाराला आपण साडेचार सांगतो. मधले अडीच तास आपले. हा क्रम उलटा झाला, म्हणजे शेतकऱ्यांचा भाव तीनला संपतो आणि खरेदीदाराला सहापर्यंत वेळ आहे, की तीन ते सहा या वेळात आपण दोघांच्या मध्ये उघडे उभे असतो. मी पाहिलेली बहुतेक नुकसानीची प्रकरणे याच उलट्या क्रमातून आली, भावाच्या चुकीतून नव्हे.

शेतकऱ्यांच्या बाजूची मुदतही तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ट्रॉली घेऊन येतोच आणि म्हणतो, "भाऊ, काल त तुमी चव्वेचाळीसशे सांगतले होते." त्याचे म्हणणे खोटे नसते, त्याला फक्त वेळ कोणी सांगितलेली नसते. म्हणून केंद्राच्या फळ्यावर भावाखाली तारीख आणि 'सायंकाळी ७ पर्यंत वजन झालेल्या मालास' एवढे शब्द रोज लिहावेत. ज्याची मळणी किंवा ट्रॅक्टर अडले असेल आणि ज्याने साडेचारनंतर आपल्या विचारणेला होकार दिला असेल, त्याला नाव, क्विंटल, भाव आणि उद्या किती वाजेपर्यंत, हे लिहिलेली पावती द्यावी. पावतीविना भाव राखू नये. पावती दिली तर मात्र बाजार पडला तरी तो पाळावा.

कोटेशनचा मजकूर

संदेश एकच असावा आणि पूर्ण असावा. भाव एका संदेशात, अटी दुसऱ्यात आणि मुदत फोनवर, असे केल्यास खरेदीदार भावाचा तेवढा संदेश पुढे पाठवतो आणि बाकीचे मागे राहते. आमचा मजकूर असा असतो:

> कोटेशन क्र. ४७. दिनांक १२ नोव्हेंबर, दुपारी १२.४०.
> सोयाबीन, चाळलेले, २०० क्विंटल, ५० किलोच्या कट्ट्यांत. मॉइश्चर कमाल १२ टक्के, माती-काडीकचरा कमाल १ टक्का.
> भाव ४,८३५ रुपये प्रति क्विंटल, आपल्या गोदामात पोच. उतराई आपली.
> गाडी १४ नोव्हेंबरला निघेल. पैसे माल उतरल्यापासून ७ दिवसांत.
> हा भाव १२ नोव्हेंबर, दुपारी ४.३० पर्यंतच आहे. त्यानंतर हे कोटेशन आपोआप रद्द.
> पक्के करण्यासाठी याच क्रमांकावर 'कोटेशन ४७, २०० क्विंटल, ४,८३५, मान्य' असे लेखी कळवावे. फोनवरील होकार धरला जाणार नाही.
> होकार येण्यापूर्वी शुल्क, साठा-मर्यादा किंवा तत्सम सरकारी आदेश निघाल्यास कोटेशन मागे घेतले जाईल.

'आज' आणि 'उद्या' हे शब्द यात मुद्दाम नाहीत. संदेश पुढे पाठवला गेला की 'आज' कोणता हे कळत नाही. पूर्वी मी 'आजचा भाव' असेच लिहीत असे. एकदा तो संदेश कार्यालयातून त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचला, त्याने तो त्याच दिवसाचा समजून मान्य केला आणि गाडीही मागवली. चूक माझी होती, म्हणून माल दिला. त्या दिवसापासून तारीख, वेळ आणि क्रमांक नसलेला भाव आमच्या फोनवरून जात नाही.

शेवटची अट काहींना अनावश्यक वाटते. १३ सप्टेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी, केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले आणि दुसऱ्याच दिवसापासून ते लागू झाले. कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाले. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, तोही शुक्रवारच होता. सोयाबीनचा भाव तेल आणि ढेप या दोन्हींवर उभा असतो, त्यामुळे अशा आदेशानंतर कालचा भाव कालचाच राहतो. शुक्रवारचे कोटेशन शनिवारी सकाळपर्यंत खुले ठेवणे मी म्हणूनच पूर्ण बंद केले आहे.

होकार आला असे कधी म्हणावे

हा भाग कायद्याशी जोडलेला आहे, पण भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील तीन कलमे समजली की पुरते. कलम ६ सांगते की प्रस्तावात स्वीकाराची मुदत दिली असेल आणि ती उलटून गेली, तर प्रस्ताव संपतो. म्हणजे ४.३० लिहिले असेल तर ४.३१ ला आपल्याला काही रद्द करावे लागत नाही. कलम ५ सांगते की स्वीकार पूर्ण होण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. साडेचारची मुदत दिली म्हणून साडेचारपर्यंत आपण कायद्याने बांधलेले असतोच असे नाही. पण व्यवहारात मी ते फक्त सरकारी आदेशाच्या वेळीच वापरतो. भाव वीस रुपयांनी हलला म्हणून तीन वाजता कोटेशन मागे घेणाऱ्याकडे खरेदीदार पुन्हा विचारणा करत नाही, आणि त्यासाठीच तर राखण ठेवलेली असते.

सर्वात जास्त कामाचे आहे ते कलम ७. स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. "४,८२० करा, मग पक्के," हा स्वीकार नाही, तो नवा प्रस्ताव आहे आणि त्याने आपले जुने कोटेशन बाजूला पडते. "मान्य, पण पैसे पंधरा दिवसांनी," हेही तसेच. नुसते अंगठ्याचे चिन्ह पाठवणे, किंवा "बरं, बघतो," हे तर काहीच नाही. असा निरोप आला की लगेच लिहावे: "४,८२० शक्य नाही. कोटेशन ४७, भाव ४,८३५, मुदत ४.३० कायम आहे." हे लिहिले नाही, तर त्याने नंतर पाठवलेला 'मान्य' हा कशाला मान्य, यावर वाद होतो.

त्याच कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे. स्वीकार कोणत्या रीतीने कळवायचा हे आपण लिहिले असेल आणि खरेदीदाराने दुसऱ्या रीतीने कळवला, तर वाजवी वेळेत 'ठरल्या रीतीनेच कळवा' असे त्याला सांगावे लागते. आपण गप्प राहिलो, तर आपण त्याचा तो स्वीकार मानला असे होते. म्हणून ४.१० ला फोनवर तोंडी होकार आला तर "ठीक आहे" म्हणून फोन ठेवू नये. "लेखी पाठवा, साडेचारच्या आत," असे सांगावे आणि तेच संदेशातही लिहावे.

आमच्या गावांत रेंजचा प्रश्न आहे, आणि मुदतीचे वाद पुष्कळदा तिथून निघतात. खरेदीदाराने ४.२५ ला पाठवलेला संदेश आपल्या फोनवर ५.१० ला उमटतो, पण व्हॉट्सअॅपवर त्याच्याशेजारी पाठवल्याची वेळ दिसते. तो सांगतो मुदतीत पाठवला, आपण सांगतो मिळालाच नाही, आणि दोघेही खरे असतात. यावर उपाय दोन आहेत. कोटेशन देऊन झाल्यावर मुदतीपर्यंत फोन रेंजच्या जागी ठेवावा, शेतावर किंवा गोदामाच्या आत नेऊ नये. आणि होकार मिळाल्यावर आपण लगेच 'कोटेशन ४७ पक्के, ४.२२ ला मिळाले' असे उत्तर द्यावे, तसेच खरेदीदाराला आधीच सांगावे की हे उत्तर पाच मिनिटांत आले नाही तर दुसऱ्या क्रमांकावर फोन करावा. दोन टिका उमटल्या की निरोप पोहोचला, एकच असेल तर पोहोचला नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतेच. फक्त ते पाहण्याची सवय लावावी लागते.

नव्या खरेदीदाराकडून लेखी होकाराबरोबर विसारही घ्यावा. २०० क्विंटलचे ४,८३५ ने ९,६७,००० रुपये होतात, त्याचे दहा टक्के ९६,७००. विसार असेल तर मुदतीचे वाक्य 'लेखी होकार आणि विसाराचा यूटीआर क्रमांक ४.३० पर्यंत' असे लिहावे. बँक बंद झाल्याची सबब आता राहिलेली नाही, कारण एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. यूटीआर आला तरी पैसे खात्यात दिसेपर्यंत गाडी भरू नये.

मुदत संपल्यावर

होकार आला नाही तर ४.३१ ला 'कोटेशन ४७ ची मुदत संपली' एवढा संदेश पाठवावा. कायद्याने त्याची गरज नाही, पण तो गेला नाही तर खरेदीदाराला सवय लागते की आमची साडेचार म्हणजे सहाही चालते.

उशिरा आलेला होकार, समजा ४.५० ला आला, हा त्याने आपल्याला दिलेला नवा प्रस्ताव असतो. तो घ्यायचा की नाही हे केंद्राकडे पाहून ठरवावे. पाच ट्रॉल्या दारात उभ्या असतील आणि भाव हलला नसेल, तर 'उशिरा आले तरी या गाडीपुरते मान्य' असे लिहून घ्यावे. माल हाती नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी बारानंतर नवा भाव देण्याचे सांगावे. उत्तर न देता गुपचूप गाडी पाठवणे सर्वात वाईट, कारण मग सौदा कोणत्या भावाने झाला हे माल उतरताना ठरते, आणि तिथे आपले कोणी नसते.

वरच्या उदाहरणातील कोटेशन ४७ चे पुढे असे झाले असे धरू. ३.५० ला खरेदीदाराने ४,८२० मागितले, त्याला भाव आणि मुदत कायम असल्याचे कळवले. ४.२२ ला ठरलेल्या शब्दांत होकार आला आणि उत्तर गेले. लगेच पाच शेतकऱ्यांना फोन केले. पाचनंतर गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याने वीस रुपये चढवले, म्हणून नंतरच्या ६० क्विंटलला ४,४२० द्यावे लागले. सातपर्यंत ११८ क्विंटल मोजून झाले, सात क्विंटल कमी पडले, आणि ते सकाळी ४,४६० ने घेतले. वाढीव खर्च ६० क्विंटलचे १,२०० आणि सात क्विंटलचे ४२०, असे १,६२० रुपये झाले. राखणीत ५,००० होते, त्यामुळे नफ्याला हात लागला नाही. वहीत त्या दिवसापुढे साडेबाराचा ४,४००, सातचा ४,४२० आणि दुसऱ्या सकाळचा ४,४६० असे तिन्ही आकडे लिहिले गेले, आणि पुढच्या महिन्याची राखण काढताना तेच कामी येतील.